सदतीस ठिपके, एक कागद

रांगोळीच्या पुस्तकांत चित्राखाली एक छोटी ओळ असते: ‘७ ते ४, मधे ठिपके’. जिला रांगोळी येते तिला एवढं पुरतं. मधल्या ओळीत सात ठिपके, मग दोन्ही बाजूंना प्रत्येक ओळीत एकेक कमी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधे, हे तिला सांगावं लागत नाही. पण ज्या मुलाने किंवा मुलीने चिमटीत रांगोळी पहिल्यांदाच धरली आहे, त्यांच्यासमोर ते पुस्तक ठेवून पाहा. ठिपके कसेबसे पडतात आणि मग बोट चित्रावर फिरत राहतं, कारण पुरी झालेली रांगोळी दिसते, पण पहिली रेघ कुठली ते दिसत नाही.

शाळेच्या रांगोळीवर्गासाठी, सोसायटीतल्या दिवाळीच्या शिबिरासाठी किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात वाटण्यासाठी असा छापील कागद तयार करायचा असेल, तर तो कसा आखायचा हे इथे एकच रांगोळी शेवटपर्यंत नेऊन सांगते. रांगोळी आहे वरचीच, ७ ते ४ ची. तिच्यात मधे सहा टोकांची चांदणी आणि भोवती सहा गोल पाकळ्या आहेत. नवशिक्यांसाठी ती निवडण्याचं कारण असं की तिच्यात सरळ रेघ आणि वळणदार रेघ दोन्ही येतात, आणि ती बरोबर आली की नाही हे ठिपके मोजूनच कळतं.

ठिपक्यांची मांडणी अशी:

```
क        •   •   •   •
ख      •   •   •   •   •
ग    •   •   •   •   •   •
घ  •   •   •   •   •   •   •
च    •   •   •   •   •   •
छ      •   •   •   •   •
ज        •   •   •   •
```

चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. एकूण सदतीस. कागदावर ‘७ ते ४’ लिहायला हरकत नाही, पण शेजारी सातही ओळींचे आकडे लिहाच. ‘७ ते ४’ वाचून कोणी समोरासमोर ठिपके मांडतं, कोणी एकाच बाजूला कमी करत जाऊन चार ओळींवर थांबतं. आकडे सगळे लिहिले की या दोन्ही वाटा बंद होतात.

ओळींना अक्षरं दिली आहेत, त्यामागे हिशोब आहे. कागदावर एकेका टप्प्याची एकेक चौकट असेल, आणि तिच्यात दोन प्रकारची मोजणी असणार आहे. एक, हा ठिपका कोणता. दोन, ही रेघ कितवी. दोन्हींना आकडेच वापरले तर ‘४’ म्हणजे चौथा ठिपका की चौथी रेघ, हा गोंधळ पहिल्याच चौकटीत होतो. म्हणून ठिपक्याचा पत्ता अक्षर आणि आकडा मिळून द्यायचा: ख ओळीतला डावीकडून तिसरा ठिपका तो ख३. रेघेचा क्रमांक मात्र नुसता आकडा, तोही छोट्या गोलात. आकडे डावीकडून त्या त्या ओळीपुरतेच मोजायचे. समोरासमोरच्या ठिपक्यांत वर एकदाच १, २, ३ लिहिलं की खालपर्यंतचे उभे रकाने जुळतात. इथे तसं होत नाही, कारण प्रत्येक ओळ अर्धं पाऊल सरकलेली असते. ख३ च्या थेट खाली ग ओळीत ठिपकाच नाही, तिथे ग३ आणि ग४ यांच्यामधली मोकळी जागा आहे. म्हणून पहिल्या चौकटीत सगळ्या ठिपक्यांजवळ बारीक अक्षरात पत्ते छापा आणि पुढच्या चौकटींत फक्त डाव्या कडेला ओळींची अक्षरं ठेवा. सगळीकडे पत्ते छापले तर ठिपके त्यात हरवतात.

आता अंतर. ही गोष्ट बहुतेक हाताने काढलेल्या कागदांत चुकते. दोन ठिपक्यांत तीन सेंटिमीटर ठेवले की ओळी-ओळींतही तीनच ठेवण्याकडे हात जातो. पण ठिपके तिरके असल्यामुळे तसं केलं तर तिरपं अंतर आडव्यापेक्षा जास्त होतं, आणि चांदणी उभी ताणलेली दिसते. तिन्ही दिशांना अंतर सारखं हवं असेल तर ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराच्या साधारण ०.८७ पट ठेवावं लागतं. तीन सेंटिमीटरला २.६, दोनला १.७, एकला ०.९ सेंटिमीटरच्या थोडं आत. तीन-तीनने आखलं तर रांगोळीची उंची १५.६ ऐवजी १८ सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर फुकट वाढते, आणि गोल पाकळ्या काही केल्या गोल येत नाहीत. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट आहे. दोष आखणीचा असतो.

आलेख कागद घेतलात तर काम सोपं आहे. मधोमध घ ओळ आखून तीन-तीन सेंटिमीटरवर सात ठिपके द्या. त्याच्या २६ मिलिमीटर वर ग ओळ, पहिला ठिपका दीड सेंटिमीटर आत सरकवून. असंच वर आणि खाली. संगणकावर करत असाल तरी हेच आकडे. आखून झालं की एक पडताळा घ्या. या मांडणीत मधल्या ठिपक्यातून, म्हणजे घ४ मधून, सात ठिपक्यांच्या तीन ओळी जातात: एक आडवी घ ओळ, एक तिरपी क१ पासून ज४ पर्यंत, दुसरी क४ पासून ज१ पर्यंत. पट्टी लावून तिन्हींची लांबी मोजा. तीन सेंटिमीटरच्या आखणीत प्रत्येक ओळ अठरा सेंटिमीटर भरली पाहिजे. कडेच्या सहाही बाजूंवर चार-चार ठिपके असतात, तेही मोजून घ्या. हा पडताळा कागदावरही छापा, कारण जमिनीवर ठिपके टाकणाऱ्यालाही तोच उपयोगी पडतो. तिथे पट्टी लागत नाही, तिरपी ओळ सात भरली की झालं.

जमिनीवर ठिपके कोणत्या क्रमाने टाकायचे हेही पहिल्या चौकटीतच सांगावं लागतं. वाचण्याच्या सवयीने माणूस वरून, म्हणजे क ओळीपासून सुरू करतो. तिथे चार ठिपके टाकले की पुढच्या ओळीत पाच हवेत, त्यातले तीन फटींत बसतात आणि दोन कडेचे अंदाजाने बाहेर टाकावे लागतात. त्यापुढच्या ओळीत पुन्हा दोन अंदाजाचे. तिसऱ्या ओळीपर्यंत कडा वाकड्या झालेल्या असतात. घ पासून सुरुवात केली तर सातच ठिपके सरळ ओळीत टाकायचे आहेत, आणि पुढचा प्रत्येक ठिपका दोन ठिपक्यांच्या फटीसमोरच पडतो. अंदाजाला जागाच उरत नाही. म्हणून ओळींचा क्रम घ, ग, ख, क आणि मग च, छ, ज असा चौकटीच्या कडेला लिहा.

यापुढचा भाग कागद तयार करताना सर्वांत जास्त विचार मागतो: रेघांचा क्रम. कागदावर आपण डोळ्यांनी क्रम लावतो. वरची पाकळी पहिली, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत सहावी. टेबलावर पेन्सिलने काढायचं असेल तर ते ठीक आहे. जमिनीवर माणूस एका बाजूला बसलेला असतो, वाकून काढत असतो, आणि रेघ म्हणजे सुटी भुकटी असते. घड्याळाप्रमाणे गेलं तर जवळच्या पाकळ्या आधी होतात आणि डावीकडची दूरची पाकळी काढायला हात, बांगड्या, ओढणी किंवा पदर त्यांच्यावरून न्यावा लागतो. म्हणून क्रम बसलेल्या माणसाच्या सोयीने लावायचा: आधी दूरचं, मग जवळचं. आणि प्रत्येक रेघही शक्यतो दुरून जवळ ओढायची, कारण चिमूट स्वतःकडे ओढताना भुकटी जिथे पडते ती जागा डोळ्यांसमोर राहते. पुढे ढकलताना ती बोटांमागे झाकली जाते.

याचसाठी कागदावर ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द टाळा. जमिनीवर वर काही नसतं. ‘दूर’ आणि ‘जवळ’ लिहा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘इथे बसा’ असं ठळक छापा.

आता प्रत्यक्ष रांगोळी. चांदणी म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन त्रिकोण. पहिल्या त्रिकोणाची टोकं ख३, च२ आणि च५. दुसऱ्याची ग२, ग५ आणि छ३. प्रत्येक बाजू चार ठिपक्यांवरून जाते, दोन टोकांचे आणि दोन मधले. उदाहरणार्थ ख३ पासून च५ कडे येताना वाटेत ग४ आणि घ५ लागतात. हे मधले ठिपके चौकटीखालच्या मजकुरात नाव घेऊन सांगायचे, कारण नऊ सेंटिमीटरची सरळ रेघ नवशिक्याला एका दमात जमत नाही. तीन-तीन सेंटिमीटरचे तीन टप्पे जमतात. दोन्ही त्रिकोण झाले की बरोबर सहा ठिकाणी रेघा एकमेकींना छेदतात, आणि सहाही छेद ठिपक्यांवरच पडतात: ग३, ग४, घ३, घ५, च३, च४. एखादा छेद ठिपक्याबाहेर पडला तर ठिपक्यांतच गडबड आहे, आणि पाकळ्यांआधी ती तिथेच सुधारता येते.

पाकळ्यांची गंमत अशी की प्रत्येक पाकळी हा एका वर्तुळाचा दोन-तृतीयांश भाग आहे. दूरची डावी पाकळी घ्या. तिच्या पोटात ख२ हा ठिपका आहे. त्याच्या भोवतीचे सहाही ठिपके त्याच्यापासून सारख्या अंतरावर आहेत. पाकळी त्यातल्या पाचांवरून जाते: ख३, क२, क१, ख१, ग२. सहावा, ग३, हा चांदणीच्या खोबणीत आहे, तो सोडायचा. म्हणजे पाकळी चांदणीच्या एका टोकावर सुरू होते, बाहेरच्या तीन ठिपक्यांवरून वळसा घेते आणि चांदणीच्या शेजारच्या टोकावर उतरते.

इथे एक बारकावा चित्रात नीट दाखवला नाही तर पाकळ्यांचे षटकोन होतात. क१ आणि क२ शेजारी-शेजारी आहेत म्हणून शिकणारा ते सरळ रेघेने जोडतो. वर्तुळाची रेघ मात्र या दोन ठिपक्यांच्या मधे किंचित बाहेर फुगते. तीन सेंटिमीटरच्या आखणीत हा फुगवटा चार मिलिमीटर असतो, म्हणजे जमिनीवरच्या रांगोळीच्या एका रेघेच्या जाडीएवढा. छोट्या चौकटीत तो दीड मिलिमीटरही भरत नाही आणि छपाईत दिसेनासा होतो. म्हणून एका पाकळीचं चित्र वेगळं, मोठं काढा. काढताना कंपास नसेल तर दोन-सहाच्या मापाची बांगडी घ्या. तिचा आतला व्यास जवळपास सहा सेंटिमीटर असतो, आणि तीन सेंटिमीटरच्या ठिपक्यांना बरोबर तेवढाच लागतो. बांगडी ख२ मध्यावर येईल अशी ठेवून आतून पेन्सिल फिरवा. जमिनीवर मात्र बांगडी ठेवायला सांगू नका. उचलताना ती निम्मी रेघ घेऊन जाते.

पाकळीची रेघ एका चिमटीची नाही. तीन सेंटिमीटरच्या आखणीत तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर होते आणि नवशिक्याची चिमूट त्याआधीच रिकामी होते. मधेच चिमूट भरून पुन्हा सुरुवात केली की तिथे गाठ दिसते. म्हणून पाकळी दोन रेघांत तोडायची, आणि तोडायची तीही ठिपक्यावर, कारण सुरुवातीचा जाड भाग ठिपक्यात लपतो. दूरच्या पाकळ्यांत दोन्ही रेघा बाहेरच्या कोपऱ्यापासून, म्हणजे क१ किंवा क४ पासून, निघून चांदणीच्या टोकांवर उतरतात. बाजूच्या पाकळ्यांत पहिली रेघ दूरच्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत येते आणि दुसरी कोपऱ्यापासून जवळच्या टोकापर्यंत. जवळच्या पाकळ्यांत दोन्ही रेघा चांदणीच्या टोकांपासून निघून कोपऱ्यावर भेटतात. तिन्ही ठिकाणी नियम एकच, दुरून जवळ.

एका ए-फोर पानावर उभ्या तीन आणि आडव्या दोन अशा सहा चौकटी बसतात. प्रत्येक चौकटीत ठिपक्यांमधलं अंतर एक सेंटिमीटर ठेवलं तर चित्र सहा सेंटिमीटर रुंद होतं आणि खाली दोन-तीन ओळी लिहायला जागा राहते. त्या ओळी मी अशा लिहीन:

चौकट १. ठिपके. आधी घ ओळ, सात ठिपके. मग दूरच्या ओळी ग, ख, क. मग जवळच्या च, छ, ज. प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या फटीसमोर. तपासा: क१ पासून ज४ पर्यंत तिरपे सात ठिपके.

चौकट २. पहिला त्रिकोण. रेघ १: ख३ पासून ग३, घ३ वरून च२. रेघ २: ख३ पासून ग४, घ५ वरून च५. रेघ ३: च२ पासून च३, च४ वरून च५.

चौकट ३. दुसरा त्रिकोण. रेघ ४: ग२ पासून ग३, ग४ वरून ग५. रेघ ५: ग२ पासून घ३, च३ वरून छ३. रेघ ६: ग५ पासून घ५, च४ वरून छ३. तपासा: सहा छेद, सहाही ठिपक्यांवर.

चौकट ४. एक पाकळी, मोठ्या चित्रात. रेघ ७: क१ पासून क२ वरून ख३. रेघ ८: क१ पासून ख१ वरून ग२. दोन ठिपक्यांमधे रेघ थोडी बाहेर फुगवा. मधला ख२ मोकळा.

चौकट ५. उरलेल्या पाच पाकळ्या. दूरची उजवी, मग डावी, उजवी, शेवटी जवळची डावी आणि जवळची उजवी. मोकळे ठिपके क्रमाने ख४, घ२, घ६, छ२, छ४.

चौकट ६. पुरी रांगोळी. मोकळे राहिलेले ठिपके सात. मधल्यावर कुंकू, भोवतीच्या सहांवर हळद.

चौकट पाचबद्दल थोडं. इथे बहुतेक जण ‘अशाच प्रकारे उरलेल्या पाकळ्या काढा’ लिहून मोकळे होतात, आणि शिकणारा नेमका तिथेच अडकतो, कारण पाकळी फिरली की तिचे ठिपकेही बदलतात. दहा रेघांचे पत्ते लिहायला जागा नाही, हेही खरं. मार्ग असा की चित्रात प्रत्येक पाकळीच्या पोटातल्या ठिपक्याभोवती गोल करून त्यात पाकळीचा क्रमांक लिहायचा आणि रेघ जिथून निघते तिथे बाण द्यायचा. पोटातला ठिपका ओळखला की त्याच्याभोवतीचे पाच आपोआप सापडतात. हा क्रम उजव्या हाताने काढणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावी-उजवी अदलाबदल करावी, रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने बाकी काही बदलत नाही. कागदावर ही एक ओळ जरूर घाला. वर्गात एखादं डावखुरं मूल असतंच आणि बहुधा ते विचारत नाही.

प्रत्येक चौकटीत जुन्या रेघा आणि नव्या रेघा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. पुस्तकांत जुन्या करड्या आणि नव्या काळ्या किंवा लाल असतात. तुमचा कागद मात्र झेरॉक्स होणार, आणि झेरॉक्समध्ये करडा रंग कुठे उडतो, कुठे काळा होतो, लाल तर काळाच येतो. तुटक रेघही नको, ठिपक्यांच्या जाळ्यात ती आणखी ठिपक्यांसारखी वाटते. भेद जाडीनेच दाखवा: जुनी रेघ पाव ते अर्धा मिलिमीटर, नवी पूर्ण एक मिलिमीटर. ठिपके दीड मिलिमीटरचे, म्हणजे जाड रेघेखालीही ते दिसत राहतील. रेघेचा क्रमांक रेघेच्या मधोमध न लिहिता सुरुवातीच्या टोकाजवळ लिहा आणि तिथूनच बाण काढा. क्रमांकावरून कुठून सुरू करायचं तेही कळतं. देवनागरी १ आणि ९ बारीक टाइपात सारखे दिसतात, तेव्हा आकडे मजकुरापेक्षा एक माप मोठेच ठेवा. मूळ प्रत तयार झाली की तिची एक झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. या दुसऱ्या प्रतीवर जुनी-नवी रेघ ओळखता आली तरच पुढे छापा.

सोबत एक वेगळं पान द्यावं, त्यावर फक्त सदतीस ठिपके, खऱ्या मापात. तीन सेंटिमीटरने ते अठरा सेंटिमीटर रुंद होतात आणि ए-फोरच्या एकवीस सेंटिमीटरमध्ये दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर सोडून बसतात. हे पान पुठ्ठ्यासारख्या जाड कागदावर चिकटवून ठिपक्यांवर उदबत्तीने दोन-तीन मिलिमीटरची भोकं पाडली की रांगोळीचा कागद तयार. भोकं पाडण्याचं काम मोठ्यांनी करावं, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून. जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरायची, तळव्याने हलकी फिरवायची आणि कागद सरळ वर उचलायचा. बाजूला ओढला तर ठिपक्यांना शेपट्या येतात. अगदी मऊ, पिठासारखी रांगोळी भोकांत अडकते. थोडी रवाळ शिरगोळ्याची चांगली पडते. हे पान कृतीच्या मागे छापू नका, नाहीतर भोकांबरोबर कृतीही जाते.

या पानाच्या तळाशी दहा सेंटिमीटरची एक रेघ छापा आणि लिहा, ‘ही रेघ मोजा, दहा भरली पाहिजे’. प्रिंटर बहुतेक वेळा पान आपणहून थोडं लहान करतो. छपाईच्या खिडकीत Fit निवडलेलं असतं, तिथे Actual size करावं लागतं. रेघ साडेनऊ भरली तर ठिपक्यांमधलं अंतरही तीनच्या ऐवजी २.८५ होतं. रांगोळी तरीही येते, फक्त बांगडीचं माप जुळत नाही. अंतर दोन सेंटिमीटरच्या खाली मात्र नवशिक्यांसाठी नेऊ नये. त्यांची रेघ चार-पाच मिलिमीटर जाड पडते आणि दाट ठिपक्यांत शेजारच्या रेघा एकमेकींना भिडतात. कागदाशिवाय हाताने ठिपके टाकणार असतील तर चार सेंटिमीटरच बरे.

कागद छापण्याआधी तो अशा एखाद्याला द्या ज्याने ही रांगोळी कधी पाहिलेली नाही. शेजारी बसा आणि काही सांगू नका, हे अवघड जातं. बोट कागदावरून जमिनीकडे आणि पुन्हा कागदाकडे किती वेळा जातं ते पाहा. एका रेघेसाठी दोनदा जाणं ठीक आहे. तीन-चारदा गेलं तर त्या चौकटीत काहीतरी कमी आहे, आणि बहुधा ते बाणाचं टोक किंवा ओळीचं अक्षर असतं. कोणी कागद फिरवून धरला तर ‘इथे बसा’ पुरेसं ठळक नाही. या रांगोळीत उलटा धरला तरी आकृती तीच येते, दोन त्रिकोण फक्त जागा बदलतात, पण पत्ते जुळत नाहीत आणि माणूस गडबडतो. आणि शेवटी मोकळे ठिपके मोजायला सांगा. सहाच राहिले तर एखादी पाकळी पोटातल्या ठिपक्यावरून गेली आहे. आठ राहिले तर बाहेरचा एखादा ठिपका सुटला आहे, आणि तो बहुतेक शेवटच्या, जवळच्या उजव्या पाकळीतला छ५ किंवा ज३ असतो.

हीच पद्धत पुढे ९ ते ५ च्या मांडणीला लावता येते. तिथे ओळी नऊ, ठिपके एकसष्ट, आणि अक्षरं क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट अशी जातात. ङ आणि ञ वगळायचे, मुलांना ते वाचता येत नाहीत आणि बारीक छपाईत ओळखूही येत नाहीत. मधली ओळ आता घ नसून च आहे. म्हणून जुन्या कागदावरचे पत्ते उचलून नव्यावर लिहू नका, सगळे पहिल्यापासून मोजा.